एका रात्रीच्या तीन कृती: धाक, अपरिहार्यता आणि निरपराधाचा जीव

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातले, तापीच्या उत्तरेकडच्या कापूसपट्ट्यातले आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून गाव, तारखा आणि काही तपशील मी बदलले आहेत. कायद्याच्या दृष्टीने ज्यांना महत्त्व आहे ते तपशील मात्र तसेच ठेवले आहेत. बचाव पक्षाच्या वकिलांची कनिष्ठ सहकारी म्हणून मी या खटल्यात पहिल्या तारखेपासून निकालापर्यंत हजर होते. घटना भारतीय दंड संहिता लागू असतानाची असल्यामुळे पुढे तिचीच कलमे आली आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात धाकाचे ९४ वे कलम ३२ व्या क्रमांकावर, अपरिहार्यतेचे ८१ वे कलम १९ व्या क्रमांकावर आणि खुनाच्या शिक्षेचे ३०२ वे कलम १०३ व्या क्रमांकावर गेले. या तिन्हींतला गाभा आहे तसाच राहिला आहे.

आरोपी पस्तिशीचा वेल्डर होता. रस्त्याला लागून त्याचे पत्र्याचे दुकान होते आणि दुकानामागेच घर. ट्रॉलीचे हूक, नांगराचे फाळ, शेताच्या फाटकाच्या बिजागऱ्या, असे काम त्याच्याकडे बारमाही असे. बहिणीचा पंधरा वर्षांचा मुलगा शाळेच्या सुट्टीत हात शिकायला त्याच्याकडे राहत होता. डिसेंबर महिना होता. जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची आणि शेतकऱ्यांना रोख चुकारा द्यावा लागत असल्याने व्यापाऱ्याच्या कचेरीतल्या तिजोरीत रात्री पैसे असत. हे आसपासच्या गावांत सर्वांना ठाऊक होते.

त्या रात्री काय घडले

रात्री साडेअकराच्या सुमारास तीन अनोळखी माणसे पिकअप गाडी घेऊन दुकानाशी आली. उसाची ट्रॉली वाटेत मोडून पडली आहे, गॅस कटर घेऊन चला, दुप्पट मजुरी देऊ, असे त्यांनी सांगितले. हंगामात अशी हाक येणे नेहमीचेच असल्याने वेल्डरने दोन्ही सिलिंडर, नळ्या, नोझल आणि चकमकीचा लायटर गाडीत चढवला आणि भाच्याला बरोबर घेतले. गाडी मुख्य रस्ता सोडून जिनिंगच्या मागच्या वाटेला लागली तेव्हा म्होरक्याने गावठी कट्टा काढला. दुसऱ्याच्या हातात कोयता होता आणि तो मुलाला खेटून बसला होता.

कचेरीच्या शटरचे कुलूप कापायला त्यांनी वेल्डरला लावले आणि त्याने ते कापले. कटरच्या ठिणग्या भिंतीलगत साचलेल्या रुईच्या कचऱ्यावर पडल्या. दबून साचलेली रुई बऱ्याचदा एकदम भडकत नाही, आतून धुमसत सरकते आणि तिला कोरडे तट्टे मिळाले की ज्वाळा धरते. पलीकडे शेजारच्या शेतकऱ्याची कडब्याची गंजी होती आणि दोहोंमध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत होती. वेल्डरने कटर बंद करून ती भिंत उपटली, आठ-दहा फूट लांब फेकली आणि गंजीच्या पुढच्या पेंढ्या ओढून चिखलात टाकल्या. आग भडकली तर गाव जागे होईल हे म्होरक्यालाही कळत होते, म्हणून त्याने अडवले नाही. आग विझली, पण तट्टे मोडले आणि पुढचा कडबा वाया गेला.

धुराच्या वासाने वजनकाट्याच्या केबिनमधला राखणदार जागा झाला. साठी उलटलेला माणूस होता तो, हातात बॅटरी, पायात चपलासुद्धा नाहीत. तो कोपऱ्यावर येताच तिघांपैकी एकाने त्याला खाली पाडले. म्होरक्याने वेल्डरच्या कानशिलाला कट्टा लावला आणि म्हटले, तोंड दाब याचे, आवाज निघाला तर तू गेलास आणि पोरगाही गेला. वेल्डरने स्वतःच्या गळ्यातला रुमाल राखणदाराच्या तोंडावर आणि गळ्यावर आवळला आणि गुडघा त्याच्या छातीवर ठेवला. भाच्याने न्यायालयात सांगितले, की मामांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

खटल्याचे सगळे वजन पुढे ज्या तपशिलावर पडले, तो असा. दाबणे चालू असताना म्होरक्या तिजोरीकडे आत गेला. कट्टा त्याच्याबरोबर गेला. बाहेर कोयतेवाला मुलाच्या शेजारी उभा राहिला. किती वेळ गेला हे कोणालाच नेमके सांगता आले नाही, पण म्होरक्या परत आला तेव्हा राखणदाराची हालचाल थांबली होती आणि वेल्डरचे हात अजून तिथेच होते.

पहाटे त्या दोघांना गावाबाहेर उतरवून टोळी निघून गेली. वेल्डर चार दिवस कोणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी पोलिसांनी त्याला बोलावले तेव्हा त्याने शटर कापल्याचे सांगितले, राखणदाराबद्दल मात्र अवाक्षर काढले नाही. रुमाल तोवर घटनास्थळाच्या पंचनाम्यात जप्त झाला होता.

कायद्यापुढचा प्रश्न

टोळीतले दोघे सापडले आणि तिसरा फरार राहिला. दोषारोपपत्रात वेल्डरवर तीन गोष्टी ठेवल्या गेल्या: रात्रीची घरफोडी व जबरी चोरी, शेजाऱ्याच्या मालमत्तेची आगळीक आणि राखणदाराचा खून. वेल्डर धरूनही माणसे चारच होत असल्याने दरोड्याचे कलम लागू झाले नाही. दरोडा ठरायला किमान पाच जण लागतात, आणि ते असते तर प्रकरण आणखी बिकट झाले असते.

एकच माणूस, एकच रात्र, एकच टोळी आणि तीन कृती. कायद्याने या तिन्हींकडे तीन वेगळ्या नजरांनी पाहिले, आणि ते का, हे समजले की धाक आणि अपरिहार्यता हे दोन्ही बचाव समजतात.

पहिली कृती धाकदपटशाची आहे. कलम ९४ म्हणते, की तत्काळ मृत्यू ओढवेल अशी वाजवी धास्ती ज्या धमकीने वाटते, त्या धमकीमुळे भाग पडून केलेली कृती गुन्हा होत नाही. या कलमाच्या दुसऱ्या स्पष्टीकरणातले उदाहरण असे: दरोडेखोरांनी धरून नेलेला लोहार जिवाच्या भीतीने आपली हत्यारे घेऊन घराचे दार फोडतो, त्याला या अपवादाचा लाभ मिळतो. १८६० सालच्या कायद्यातल्या त्या लोहाराच्या जागी आमचा वेल्डर तंतोतंत बसत होता. पहिल्या स्पष्टीकरणातला माणूस वेगळा आहे. टोळी कशी आहे हे ठाऊक असूनही तो स्वखुशीने किंवा नुसत्या मारहाणीच्या धमकीने तिच्यात सामील होतो आणि लाभ गमावतो. आमचा आरोपी मोडलेल्या ट्रॉलीच्या बोलावण्यावर निघाला होता, म्हणून हा अडथळा त्याच्या वाटेत नव्हता.

दुसरी कृती अपरिहार्यतेची आहे. कलम ८१ मध्ये धमकी देणारा कोणी लागत नाही, परिस्थितीच माणसाला कोंडीत पकडते. हानी होईल हे माहीत असूनही, गुन्हेगारी उद्देश नसताना, दुसरी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती केवळ त्या माहितीमुळे गुन्हा ठरत नाही. याही कलमाच्या उदाहरणांत मोठ्या आगीत ती पसरू नये म्हणून घरे पाडणारा माणूस आहे. तट्ट्याची भिंत उपटणारा वेल्डर त्याच्याच ओळीतला.

दोहोंतला फरक एवढ्यावर संपत नाही. धाकाखाली वागणाऱ्याला कायदा माफ करतो. कृती चुकीचीच होती, पण तिथे कोणीही सामान्य माणूस मोडला असता, असे तो मानतो. अपरिहार्यतेत कायदा पुष्कळदा त्याहून पुढे जातो आणि कृती योग्यच होती असे म्हणतो, कारण मोठी हानी टळली. म्हणूनच पहिल्यात माणसाच्या भीतीचा अभ्यास होतो आणि दुसऱ्यात दोन हानींची तुलना होते.

तिसऱ्या कृतीपाशी दोन्ही वाटा बंद होतात. कलम ९४ ची सुरुवातच खून आणि मृत्युदंडास पात्र असे राज्याविरुद्धचे गुन्हे वगळून होते. कट्टा कानशिलाला असो वा नसो, खुनाला हे कलम लागूच होत नाही. कलम ८१ मध्ये खून असा शब्द नाही, पण त्याची रचनाच वेगळी आहे. त्यातले पहिले उदाहरण बोटीच्या कप्तानाचे आहे: त्याची चूक नसताना त्याची बोट अशा जागी येते, की मार्ग न बदलल्यास वीस-तीस प्रवाशांची बोट चिरडली जाईल आणि बदलल्यास दोघा प्रवाशांच्या दुसऱ्या बोटीला धोका होईल, पण तिला कदाचित चुकवताही येईल. या शेवटच्या शब्दांवर बोट ठेवावे लागते. कप्तान त्या दोघांना मारायला निघालेला नाही, तो त्यांच्यावर एक धोका ओढवतो आणि तो टळावा अशीच त्याची इच्छा आहे. ते दोघे वाचले तर त्याची योजना फसत नाही. राखणदार ओरडला असता किंवा वाचून पुढे ओळख पटवू शकला असता, तर मात्र टोळीने वेल्डरकडून करून घेतलेले काम फसले असते. राखणदाराचा जीव जाणे हा इथे धोका राहिला नव्हता, तो साधन झाला होता.

खासगी संरक्षणाच्या हक्कातही हीच रेघ आहे. वेल्डरने त्याच क्षणी कटर म्होरक्याच्या तोंडावर मारला असता आणि तो मेला असता, तर कलम १०० त्याच्या पाठीशी उभे राहिले असते. कलम १०६ तर प्राणघातक हल्ल्यापासून बचाव करताना निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करण्याचीही मुभा देते. पण धोका पत्करणे वेगळे आणि त्याच निरपराधाला लक्ष्य करणे वेगळे.

विचारात घेतलेले पर्याय

आमच्या ज्येष्ठ वकिलांनी पहिल्याच बैठकीत दोन जिवांच्या बदल्यात एक, हा युक्तिवाद मांडून पाहिला. वेल्डर आणि मुलगा मेले असते आणि बहुधा राखणदारही वाचला नसता, मग एका मृत्यूने दोन वाचले तर ती अपरिहार्यता का नाही? युक्तिवाद मनाला भिडणारा होता. मी दोन रात्री जुने निवाडे वाचून त्याला आधार शोधत होते आणि मिळाला तो विरुद्ध बाजूचा.

१८८४ साली मिन्योनेट नावाची इंग्रजी बोट समुद्रात बुडाली आणि चौघे खलाशी छोट्या होडीत अन्नपाण्याविना उरले. सुमारे तीन आठवड्यांनी डडली आणि स्टीफन्स या दोघांनी रिचर्ड पार्कर या सतरा वर्षांच्या मुलाला मारले आणि त्याच्या मांसावर ते तगले. चार दिवसांनी जहाज आले. खाल्ले नसते तर ते बहुधा वाचले नसते आणि मुलगा आधीच मरणाच्या दारात होता, हे ज्युरीने मान्य केले. तरीही न्यायालयाने अपरिहार्यतेचा बचाव नाकारला. न्यायाधीश लॉर्ड कोलरिज यांचा प्रश्न असा होता, की कोणाचा जीव कोणापेक्षा मोलाचा हे मोजायचे कशाने आणि मोजणार कोण? होडीत सर्वांत दुबळा, आजारी, पोरका मुलगाच का निवडला गेला? दोघांना मृत्युदंड सुनावला गेला आणि नंतर राजाज्ञेने तो सहा महिन्यांच्या कैदेवर आला.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे अनवाणी राखणदार होता. गोदामाच्या अंगणात पाच माणसे आणि एक मुलगा असताना मरण कोणाच्या वाट्याला आले? ज्याच्या हातात फक्त बॅटरी होती त्याच्या. जीव वाचवण्यासाठी निरपराधाला मारण्याची मुभा दिली, तर ती नेहमी दुबळ्यावरच उलटते. मोजणारा स्वतःच पक्षकार असतो आणि मोजणी त्याच्याच बाजूने पडते, हे या नकाराचे खरे कारण आहे. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. धाकाने खून माफ झाला असता, तर कट्टा बाळगणाऱ्या प्रत्येक टोळीला माफीचे अधिकारपत्र मिळाले असते, कारण टोळीने स्वतः खून करायचीच गरज उरली नसती.

दोन्ही बचाव या कृतीला पुरे पडत नाहीत हे मान्य झाल्यावर तीन पर्याय उरले. पहिला, सगळेच नाकारायचे. रुमाल आणि भाच्याचा जबाब असताना तो टिकणारा नव्हता, आणि आरोपी स्वतः खोटे बोलायला तयार नव्हता. दुसरा, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ खाली माफीचा साक्षीदार होण्याचा प्रयत्न करायचा. तिसरा पर्याय मला अजूनही कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कलम ९४ ने फक्त खून वगळला आहे. ही कृती खून न ठरता खून या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध ठरली, तर कलमाच्या शब्दांप्रमाणे धाकाचा बचाव पुन्हा खुला होतो आणि आरोपी शिक्षेच्या कमीजास्तपणात न अडकता पूर्ण सुटू शकतो. म्हणजे सगळा खटला एका प्रश्नावर येऊन ठेपत होता: रुमाल आवळताना वेल्डरचा उद्देश काय होता?

प्रत्यक्ष काय केले

माफीचा पर्याय आम्ही उशिरा हाताळला. अर्ज गेला तेव्हा टोळीतले दोघे अटकेत होते आणि सरकार पक्षाकडे भाच्याची साक्ष होती. ज्याच्या हाताने जीव गेला त्यालाच माफी द्यायला सरकार पक्षाचा विरोध होता आणि अर्ज फेटाळला गेला.

मग तिसरा मार्ग धरला. साक्षीपुराव्यानंतर आरोपीच्या जबाबात, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली, त्याने सगळे खरे सांगावे असे ठरले. त्यापूर्वी मी तुरुंगात त्याला भेटले आणि या कबुलीचा अर्थ समजावला. तो बराच वेळ गप्प होता आणि मग एवढेच म्हणाला, “ताई, मना भाचा व्हता तठे.” माझा भाचा होता तिथे.

हेच वाक्य त्याचा सगळ्यांत खरा आणि कायद्याच्या दृष्टीने सगळ्यांत कमकुवत आधार होता. कलम ९४ मध्ये तत्काळ मृत्यूची धास्ती “त्या व्यक्तीच्या” म्हणजे कृती करणाऱ्याच्या स्वतःच्या मृत्यूची असावी लागते. मुलगा, बायको, भाचा यांच्या जिवावरची धमकी या शब्दांत बसत नाही. इंग्लंडच्या कायद्यात जवळच्यांवरची धमकी चालते, आपल्याकडे नाही. सरकारी वकिलांनी नेमके इथेच बोट ठेवले. म्होरक्या आत गेल्यावर कट्टा तुमच्या कानशिलाला नव्हता, मग हात का काढला नाही? आरोपीकडे एकच उत्तर होते आणि ते भाच्याकडे जात होते. उलटतपासणीत आम्ही दाखवले, की म्होरक्या दहा-बारा पावलांवर होता, दार उघडे होते आणि ओरड झाली असती तर गोळी तिथूनही आली असती. कोठल्याही अपवादाच्या पुराव्याचा भार आरोपीवर असला, तरी सरकार पक्षासारखा तो संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, संभाव्यतेच्या पारड्यात झुकला तरी पुरतो. ही धमकी त्या पारड्यात आमच्या बाजूला झुकली, असे मला तेव्हाही वाटले आणि न्यायाधीशांनाही वाटले.

उद्देशाच्या प्रश्नावर मात्र शवविच्छेदनाचा अहवाल आडवा आला. गळ्यावर दाबाचा सलग व्रण होता आणि छातीच्या दोन बरगड्या मोडलेल्या होत्या. आवाज बंद करणे एवढाच हेतू असता तर तोंड दाबणे पुरले असते, गळा आणि छाती दोन्हींवर इतका जोर का? १९५८ च्या विरसा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटी अशी, की आरोपीला तीच इजा करायची होती आणि ती इजा सामान्यतः मृत्यूला पुरेशी होती, तर कलम ३०० चा तिसरा भाग लागू होतो, मग मृत्यूचा वेगळा उद्देश सिद्ध करावा लागत नाही. धाकाने माणूस का वागला ते कळते, पण त्याने काय करायचे ठरवले ते धाक पुसत नाही. जिवाच्या भीतीने केलेले हेतुपुरस्सर कृत्य हेतुपुरस्सरच राहते. आमचा युक्तिवाद या दगडावर आपटला.

निकाल

घरफोडी आणि जबरी चोरीतून आरोपीला कलम ९४ खाली दोषमुक्त केले गेले आणि आगळीकीतून कलम ८१ खाली. शेजाऱ्याच्या कडब्याची भरपाई हा वेगळा, दिवाणी प्रश्न असून तो आरोपीच्या भावाने आपसांत मिटवला. खुनाबद्दल दोघा टोळीवाल्यांना आणि वेल्डरला दोषी ठरवले गेले. धमकी खरी होती, आरोपी तिच्यापुढे मोडला, हे न्यायाधीशांनी निकालपत्रात स्पष्ट नोंदवले आणि तरीही कलम आपल्याला मोकळीक देत नाही असे म्हटले.

शिक्षेच्या सुनावणीला बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही, हे या कायद्याचे सर्वांत कठोर अंग आहे. खुनाला किमान शिक्षा जन्मठेप आहे, त्याखाली न्यायालयाला जाता येत नाही. बोस्नियाच्या युद्धात १९९५ साली नकार दिलास तर तुलाही त्यांच्या रांगेत उभे करू, या धमकीखाली कैद्यांवर गोळ्या झाडणाऱ्या द्राझेन एर्देमोविच या सैनिकाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने १९९७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी तेच ठरवले, की निरपराधांच्या हत्येला धाक हा पूर्ण बचाव होत नाही. पण तिथे धाक शिक्षा कमी करायला चालला आणि १९९८ मध्ये पाच वर्षांची कैद झाली. अल्पमतातले न्यायाधीश कासेसे यांचे म्हणणे होते, की मरणारा कसाही मरणारच असेल तिथे कायद्याने सामान्य माणसाकडून हौतात्म्य मागू नये. मला त्यांचे पटते ते एवढेच, की निर्दोष सोडणे आणि जन्मठेप या दोहोंमध्ये काही जागा असायला हवी. आपल्याकडे कलम ३०० मध्ये खुनाचा सदोष मनुष्यवध करणारे पाच अपवाद आहेत, जसे गंभीर व अकस्मात प्रक्षोभ आणि खासगी संरक्षणाच्या हक्काचे अतिक्रमण. धाक त्यांत नाही, नव्या संहितेच्या कलम १०१ मध्येही नाही. राखणदाराच्या मृत्यूचा दोष पुसला जाऊ नये, पण स्वतःच्या रागाने मारणाऱ्याला जी सूट मिळते तीही भीतीने मारणाऱ्याला मिळत नाही, हे मला समतोल वाटत नाही.

काय वेगळे करता आले असते

आरोपीने त्या अंगणात काय करायला हवे होते हे लिहायला माझा हात धजत नाही. न्यायालयाने एक गोष्ट मात्र नोंदवली: म्होरक्या आत गेल्यावर पकड सैल करून राखणदाराला निपचित पडून राहायला खुणावण्याची एक फट होती. ती त्याला दिसली नाही, कारण डोळे मिटलेले होते.

त्यानंतरच्या चार दिवसांबद्दल मात्र बोलता येते. धमकी संपली तेव्हा मौनाचे कारणही संपले. पहिल्याच दिवशी तो वकिलाकडे आला असता, तर दंडाधिकाऱ्यांपुढे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली त्याचा जबाब नोंदवता आला असता आणि तिसरा माणूस फरार होण्याआधी त्याचे वर्णन पोलिसांच्या हाती गेले असते. अशा जबाबाच्या बळावर माफीचा अर्ज त्या वेळी गेला असता, जेव्हा सरकार पक्षाला त्याच्या साक्षीची खरोखर गरज होती. पाचव्या दिवशीच्या अर्धवट सांगण्याने त्याच्या खऱ्या सांगण्यावरही संशयाची सावली पडली. माणूस भीतीने गप्प बसतो, की अपराधाच्या भावनेने, हे बाहेरून ओळखता येत नाही.

आमच्याही दोन चुका झाल्या. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही अपरिहार्यतेच्या युक्तिवादामागे लागलो आणि माफीच्या अर्जाला उशीर केला. आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या उलटतपासणीत बरगड्या टोळीतल्या माणसाने राखणदाराला खाली पाडताना मोडल्या असू शकतात का, हा प्रश्न आम्ही नेटाने विचारला नाही. उत्तर होकारार्थी आले असते, तर इजेचा उद्देश एकट्या वेल्डरच्या माथी मारणे अवघड झाले असते.

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अपील दाखल झाले असून त्यातला पहिला मुद्दा या बरगड्यांचाच आहे. शिक्षा कायम राहिली तर त्याच प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ मुळे सुटकेचा विचार होण्यापूर्वी त्याला किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष काढावी लागतील. अपवाद फक्त राज्यपालांच्या घटनेतील अनुच्छेद १६१ खालच्या अधिकाराचा. त्या अर्जासाठी लागणारा मुख्य कागद, धमकी खरी होती ही न्यायालयाची नोंद, आमच्याकडे आहे. राखणदाराच्या पत्नीला पीडितांच्या नुकसानभरपाई योजनेतून काही मिळावे म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला मी तिच्या मुलाला मदत केली. ज्येष्ठांची परवानगी घेऊनच. त्या अर्जात घटनेचे वर्णन लिहिताना आरोपीच्या रकान्यात मी तिघांची नावे लिहिली आणि तिसरे नाव लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.